पैसे निघायला वेळ लागला पाहिजे

वाचकाचं पत्र

माझी आई ७३ वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका. बाबा गेल्यापासून एकटी राहते, मी दुसऱ्या शहरात असते. गेल्या महिन्यात तिला फोन आला, की तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हे झालेत, पोलिसांशी बोला. पाऊण तास ती व्हिडिओ कॉलवर होती. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली म्हणून तो कॉल सुटला. पैसे गेले नाहीत. आता ती म्हणते, ‘मला सगळं कळतं, मी ओटीपी कुणालाही देत नाही.’ पण ती घाबरलीय हे दिसतंय. तिचा स्मार्टफोन काढून साधा फोन द्यावा का? की तिच्या बँकेचं ॲप माझ्या मोबाइलवर घेऊन सगळे व्यवहार मीच करावेत? पेन्शन, बचत, एफडी सगळं एकाच बँकेत आहे आणि त्या एका ॲपमध्ये दिसतं.

उत्तर

दोन्हीही करू नका. साध्या फोनवरही असा कॉल येतोच. व्हिडिओ नसला तरी आवाजावर काम भागतं, आणि पुढे ‘शाखेत जाऊन आरटीजीएस करा’ म्हणून सांगितलं जातं. शिवाय एकट्या माणसाचा स्मार्टफोन काढून घेतला की नातवंडांचे व्हिडिओ कॉल आणि मैत्रिणींचा ग्रुप बंद पडतो. माणूस जितका एकटा, तितका अशा कॉलवर जास्त वेळ बोलत बसतो.

ॲपचा दुसरा मार्गही अडचणीचा आहे. बँकेची ॲप नोंदवलेलं सिम ज्या फोनमध्ये असेल तिथेच चालतात. म्हणजे तुम्हाला आईंचं सिमच घ्यावं लागेल, आणि मग खात्यातून पैसे निघाल्याचा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. त्यातून पिन आणि पासवर्ड घरातल्या माणसाला दिला तरी बँकेच्या लेखी तो खातेदाराचाच हलगर्जीपणा ठरतो. उद्या काही झालं तर बँकेशी भांडायला तुमची बाजू लंगडी पडेल.

आईंचं ‘मी ओटीपी देत नाही’ हे वाक्य मात्र नीट ऐका. ते खरं आहे. त्या कॉलवर त्यांनी ओटीपी दिला नसेल आणि कुणी मागितलाही नसेल. ‘डिजिटल अटक’ म्हणतात त्या या प्रकारात ओटीपी लागतच नाही, कारण पैसे खातेदार स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पिनने पाठवतो. गेली दहा-बारा वर्षं आपण ज्येष्ठांना जे एक वाक्य पाठ करून घेतलं, ते इथे लागू पडत नाही. उलट ‘ओटीपी मागत नाहीत, म्हणजे खरेच पोलीस असणार’ असा चुकीचा दिलासा त्यातून मिळतो.

म्हणून तो कॉल कसा चालतो ते एकदा जवळून बघा. तुम्हीही बघा आणि आईंबरोबर बसूनही बघा.

सुरुवात बहुतेक वेळा रेकॉर्ड केलेल्या आवाजाने होते: तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी अमुक आकडा दाबा. आकडा दाबला की एक सभ्य माणूस बोलतो. तो स्वतः पोलीस नसतो, दूरसंचार खात्याचा ‘कर्मचारी’ असतो. तो धमकी देत नाही, मदत करतो. ‘मॅडम, तुमच्या नावावर दुसरं सिम निघालंय, तुम्ही घेतलं नसेल तर लगेच तक्रार नोंदवायला हवी, मी लाइन जोडून देतो.’ ही पायरी फार विचार करून बसवलेली आहे. पोलीस स्वतःहून आलेले नसतात, आपणच तक्रार द्यायला त्यांच्याकडे गेलेलो असतो. तक्रार द्यायला गेलेला माणूस सावध नसतो.

मग गणवेशातला माणूस व्हिडिओवर येतो. मागे झेंडा, भिंतीवर बोधचिन्ह, कुठेतरी वायरलेसचा आवाज. त्याच्याकडे नाव, पत्ता, आधारचे आकडे असतात. ही माहिती निरनिराळ्या ठिकाणांहून फुटलेली असते आणि विकत मिळते. पण ऐकणाऱ्याला वाटतं, की एवढं सरकारशिवाय कुणाला माहीत असणार? थोड्या वेळाने ‘तक्रार’ बाजूला पडते आणि आपणच आरोपी होतो, कारण आपल्या नावाच्या खात्यातून काळा पैसा फिरलेला निघतो. शिक्का मारलेला कागद व्हॉट्सॲपवर येतो. आता तीन अटी घातल्या जातात. कॅमेरा चालू ठेवायचा. खोलीतून बाहेर जायचं नाही. कुणालाही सांगायचं नाही, मुलांनाही नाही, कारण प्रकरण गोपनीय आहे आणि सांगितलं तर तेही अडकतील.

ही तिसरी अट सगळ्यात जास्त घात करते. आई गप्प राहते ती भोळेपणाने नाही. मुलीला वाचवतोय असं तिला वाटत असतं.

शेवटी सुटकेचा रस्ता दाखवतात: तुमचे सगळे पैसे ‘पडताळणीच्या’ खात्यात पाठवा, रिझर्व्ह बँक तपासेल, स्वच्छ निघाले की परत येतील. एफडी ॲपवरून मोडायला लावतात. रक्कम मोठी असेल तर शाखेत पाठवतात. तिथे काउंटरवर विचारलं तर काय सांगायचं तेही पढवून ठेवतात: घर घ्यायचंय, नातवाचं शिक्षण आहे. फोन पर्समध्ये चालूच असतो.

भारताच्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकारच नाही. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही, आणि पैसे ‘तपासायला’ मागवण्याचा अधिकार कुठल्याही पोलिसाला किंवा बँकेला नाही. हजर राहण्याची नोटीसही पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये राज्यांना बजावलं आहे. हे आईंना जरूर सांगा. पण एवढ्यावर विसंबू नका. हे ठाऊक असलेली माणसंही फसली आहेत, कारण भीती बसली की ठाऊक असलेलं आठवत नाही. पाऊण तासाच्या दमदाटीनंतर ७३ वर्षांच्या बाईंनी कायदा आठवून फोन ठेवावा, ही अपेक्षाच जड आहे.

म्हणून आमचा सगळा भर दुसरीकडे आहे. आई त्या कॉलवर पूर्ण घाबरलेल्या आहेत, समोरचा सांगेल ते करायला तयार आहेत, असंच धरून चाला. तरीही त्यांच्या एकट्याच्या हातून मोठी रक्कम एका दिवसात बाहेर पडू नये, अशी पैशाची मांडणी करायची. ही मांडणी एक-दोन शाखाभेटींत होते.

सध्या पेन्शन, बचत आणि ठेवी एकाच ॲपमध्ये आहेत. म्हणजे कॉलवरच्या माणसाने ‘स्क्रीन दाखवा’ म्हटलं की त्याला आयुष्यभराची पुंजी एका नजरेत दिसते. ती दोन भागांत करा.

पहिला भाग खर्चाचा. पेन्शन जमा होते ते खातं तसंच राहू द्या. यूपीआय, एटीएम कार्ड, वीजबिल, औषधं सगळं यावरून. आईंचा महिन्याचा खर्च २५,००० रुपये असेल तर या खात्यात साधारण ४०,००० ते ५०,००० च्या वर रक्कम साचू देऊ नका. कितीही वाईट झालं तरी एवढीच जाईल आणि घर चालू राहील.

दुसरा भाग साठ्याचा. शक्यतो दुसऱ्या बँकेत आई आणि तुम्ही असं संयुक्त खातं उघडा, आणि फॉर्मवर व्यवहाराची पद्धत ‘दोघांच्या सहीने’ अशी निवडा. काउंटरवर सवयीने ‘दोघांपैकी कोणीही’ या रकान्यात खूण केली जाते, तेव्हा सही करण्यापूर्वी तो रकाना स्वतः वाचा. सगळा फरक त्या एका खुणेत आहे. ‘कोणीही’ लिहिलं तर आई एकट्या सगळं काढू शकतात आणि खात्याला ॲप, कार्ड, यूपीआय सगळं जोडलं जातं. ‘दोघांच्या सहीने’ असेल तर अशा खात्यांना बँका सहसा कार्ड आणि यूपीआय देतच नाहीत, आणि पैसे काढायला दोन सह्या लागतात. कॉलवरच्या माणसाला तुमची सही मिळवता येणार नाही. ॲपवर हे खातं फक्त बघण्यापुरतं ठेवता येतं का ते विचारा. आमच्या मते तेही नको, पासबुक पुरे.

एफडींचंही तसंच. मुदत संपेल तशी एकेक ठेव दोघांच्या नावे, दोघांच्या सहीने नवी करा. आत्ताच मोडून हलवायची घाई नको, मुदतीआधी मोडल्यास व्याज कापलं जातं. आईंचं नाव पहिलं ठेवा. ज्येष्ठांचा जादा व्याजदर पहिल्या नावावर मिळतो आणि व्याजाचा करही त्यांच्याच नावावर राहतो. तुमचं नाव चुकून पहिलं गेलं तर दोन्ही बाबतीत तोटा होईल. ज्या ठेवी अजून जुन्या ॲपमध्ये दिसतात, त्यांच्यासाठी शाखेत अर्ज द्या, की ही ठेव ऑनलाइन मोडता येऊ नये. काही बँका अशी सोय देतात. नसेल तर मॅनेजर तसं स्पष्ट सांगतील, आणि मग ती ठेव आधी हलवायची हे ठरेल.

पेन्शन खात्यातली जास्तीची रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला साठ्याच्या खात्यात जावी, अशी कायमची सूचना देऊन ठेवा. म्हणजे कुणी लक्षात ठेवायची गरज नाही.

या मांडणीत एक खरी अडचण आहे. आई रात्री दवाखान्यात दाखल झाल्या आणि तुम्ही प्रवासात असाल, तर दोन सह्यांचं खातं त्या क्षणी उपयोगाचं नाही. म्हणून आरोग्य विम्याची कॅशलेस सोय चालू आहे ना ते बघा, आणि तातडीची रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यात वेगळी काढून ठेवा. दवाखान्याला तुम्ही कुठूनही पाठवू शकता. अजून एक गोष्ट: भावंडं असतील तर हे सगळं करण्याआधी त्यांना लिहून कळवा आणि नॉमिनीची नोंद वेगळी करा. संयुक्त नावावरून घरात पुढे जे गैरसमज होतात ते आधी बोलून टाळता येतात.

खर्चाच्या खात्याकडे आता परत या, कारण तिथे एक जागा हमखास सुटते. खात्यात ४०,००० आहेत म्हणून नुकसान ४०,००० पुरतंच, असं नाही. ॲपमध्ये ‘तुमच्यासाठी मंजूर कर्ज’ अशी पट्टी असते. एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्यायचीही सोय असते. दोन-चार वेळा बोट लावलं की काही लाख खात्यात येतात, आणि आलेले लगेच पुढे जातात. ठग हे बटण शोधतातच. पैसे गेल्यावर वर हप्ते सुरू होतात. शाखेत लेखी अर्ज द्या: या ग्राहकाला तयार मंजुरीचं कर्ज आणि ठेवीवरचा ऑनलाइन ओव्हरड्राफ्ट दाखवू नये, देऊ नये. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

व्यवहाराच्या मर्यादांबद्दल लोक फार बोलतात. लावा, पण त्यांची ताकद ओळखून. ॲपमधली रोजची मर्यादा ५,००० केली तरी तीच ॲप उघडून, तोच पिन घालून, ती थोड्या वेळात लाखावर नेता येते, आणि कॉलवरचा माणूस ते कसं करायचं हे शांतपणे सांगतो. त्यामुळे मर्यादा चोराला वेळ घालवायला लावते, थांबवत नाही. कार्डावर मात्र ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार सरळ बंद करून ठेवा. कार्ड हवं तसं चालू-बंद करायची सोय देणं रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना बंधनकारक केलं आहे.

शाखेत गेलाच आहात तर आईंसोबत मॅनेजरना भेटा आणि सांगा, की या एकट्या राहतात, अचानक मोठी रक्कम पाठवायला किंवा ठेव मोडायला आल्या तर फोन बाजूला ठेवायला सांगा आणि मला कळवा. बँकेला आईंचे पैसे अडवण्याचा अधिकार नाही, त्यामुळे ही विनंतीच राहील. पण काउंटरवरच्या माणसाने दोन प्रश्न जास्त विचारल्यामुळे असे व्यवहार थांबले आहेत.

पैशाची मांडणी झाली की मग फोन. इथे मोजकंच करा, नाहीतर आईंना स्वतःचा फोन परका वाटायला लागेल.

व्हॉट्सॲपमध्ये `Settings`, मग `Privacy`, मग `Calls` उघडून `Silence unknown callers` चालू करा. सेव्ह नसलेल्या नंबराचा व्हॉट्सॲप कॉल आला तरी फोन वाजणार नाही, यादीत फक्त नोंद दिसेल. याने व्हिडिओवरचे ‘पोलीस’ बरेच अडतात. पूर्ण अडत नाहीत, कारण साध्या कॉलवरचा ‘कर्मचारी’ आधी नंबर सेव्ह करायला लावतो आणि सेव्ह झाला की हा अडसर संपतो. म्हणून आईंना एवढंच सांगा: फोनवरच्या माणसाने सांगितलेला नंबर कधीच सेव्ह करायचा नाही. साध्या कॉलना असं मुकं करू नका. डॉक्टर, गॅसवाला, पार्सलवाला अनोळखी नंबरावरूनच येतात. दोन दिवस त्यांचे फोन चुकले की आई सगळंच परत चालू करून टाकतील.

दुसरी जागा म्हणजे ॲप घालण्याची. चलन, लग्नपत्रिका, बँकेचं केवायसी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फाइल येते, नावाच्या शेवटी `.apk` असतं. उघडली की ती पत्रिका नसते, ॲप असतं, आणि ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी आईंनी कुणाला सांगायची गरजच उरत नाही, ॲपच तो पुढे पाठवतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत `Install unknown apps` टाइप करा आणि यादीतल्या व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल्स या प्रत्येकासमोर परवानगी बंद करा. त्याच बैठकीत `AnyDesk`, `TeamViewer` यांसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप फोनमध्ये आहे का बघा आणि असेल तर काढा. गेल्या महिन्यातल्या त्या पाऊण तासात काय काय दाबलं गेलं ते आईंना आठवेलच असं नाही, म्हणून हे पहिल्याच भेटीत करा.

आता आईंशी बोलायचं. ‘काळजी घे, सावध राहा’ याचा उपयोग नाही. एकच हालचाल ठरवा आणि ती शरीराला सवयीची करा: पोलीस, कोर्ट, बँक, आधार, सिम यांपैकी एक शब्द आला, की काहीही न बोलता फोन ठेवायचा आणि लगेच तुम्हाला लावायचा. उत्तर देऊन ठेवायचा नाही. ‘मी मुलीला विचारून सांगते’ म्हटलं की समोरचा घाबरवायला नवीन वाक्य काढतो. तुमची आई शिक्षिका होती, समोरचा बोलत असताना फोन आपटणं त्यांना उद्धटपणा वाटणार. हा संकोच खरा आहे आणि ठग त्याच्यावरच जगतात. त्यांना सांगा, की खरा पोलीस असेल तर तो दारात येईल, फोन ठेवला म्हणून कुणाचंही काही वाकडं होत नाही.

हे एकदा दोघींनी मोठ्याने करून बघा. तुम्ही ‘कर्मचारी’ व्हा, मदतीच्या सुरात बोला, आईंना तिसऱ्या वाक्याला फोन ठेवू द्या. तीन-चार वेळा. पण गुपचूप खोटा फोन करून त्यांची परीक्षा घेऊ नका. फसल्या तर त्यांना लाज वाटेल, आणि ज्या आईला लाज वाटते ती पुढच्या वेळी काहीच सांगत नाही.

‘आई, माझा अपघात झालाय, या नंबरवर पैसे पाठव’ असा तुमच्याच आवाजातला कॉल आता बनवता येतो. त्यासाठी घरातला एक प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर कुठल्याही फोटोत किंवा पोस्टमध्ये नाही. पाळलेल्या मांजराचं नाव नको, ते फेसबुकवर असतं.

शेजारच्या काकूंनाही यात घ्या. त्यांनी बेल वाजवली हा योगायोग होता, तो आता ठरवून करा. तुम्ही फोन केल्यावर आई तुटक बोलल्या, ‘नंतर करते’ म्हणून ठेवला, त्यांचा फोन तासभर सतत व्यस्त लागला, नेहमीच्या वेळी फिरायला गेल्या नाहीत, अचानक एफडीची पावती शोधायला लागल्या, यातलं काहीही दिसलं तर काकूंनी जाऊन बेल वाजवायची आणि आत जाऊन बसायचं. समजावत बसायचं नाही. दुसरं माणूस खोलीत दिसलं की बहुतेक वेळा तो कॉल तिकडूनच तुटतो.

आणि तरीही पैसे गेले तर. गेलेले पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. ते भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांत वाटले जातात आणि काढले जातात. म्हणून आधी १९३० ला फोन लावा, पोलीस ठाण्यात जायची वाट बघू नका. ही देशभराची सायबर हेल्पलाइन आहे, तिथून ज्या बँकेत पैसे गेले तिला ते रोखायची सूचना जाते. फोन करण्याआधी हाताशी चार गोष्टी ठेवा: आईंचा खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम, आणि व्यवहार क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक १२ आकडी असतो, ॲपच्या इतिहासात त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. हे नसेल तर पलीकडचा माणूस काहीच शोधू शकत नाही. त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग `cybercrime.gov.in` वर सविस्तर तक्रार भरा. ठगांचे मेसेज, शिक्क्यांचे कागद, कॉलची यादी काहीही पुसू नका. फोनमध्ये त्यांनी ॲप घातलं असेल तर इंटरनेट बंद करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

भरपाईबद्दल खोटी आशा धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण पिन स्वतः दिला किंवा स्वतः पैसे पाठवले की नुकसान सहसा ग्राहकाचंच धरलं जातं. त्याच परिपत्रकातली एक ओळ मात्र अशा वेळीही उपयोगी आहे: ग्राहकाचा हलगर्जीपणा असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे अनधिकृत व्यवहार होतील ते नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि क्रमांक महत्त्वाचे.

पुढचे काही महिने आईंना अजून एक फोन येण्याची शक्यता धरा: ‘तुमचे गेलेले पैसे सापडलेत, फी भरून सोडवून घ्या.’ फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. गेल्या महिन्यात पाऊण तास बोललेल्या तुमच्या आईंचा नंबरही अशा एखाद्या यादीत गेलेला असू शकतो, म्हणून वरची शाखेची कामं या महिन्यातच उरका.

आणि आईंचा तसा फोन तुम्हाला आलाच, तर ‘किती गेले?’ आणि ‘तुला सांगितलं होतं ना’ ही दोन्ही वाक्यं गिळून टाका. ‘मला फोन केलास ते बरं झालं. कुठल्या खात्यातून, किती वाजता?’ एवढं विचारा आणि दुसऱ्या हाताने १९३० लावा.